चहा, खर्रा आणि दारू: कन्फाउंडिंग कुठे संपतं आणि इफेक्ट मॉडिफिकेशन कुठे सुरू होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरात पीएसएम शिकणाऱ्या एमडीच्या मुलांकडून दरवर्षी थिसिसच्या हंगामात हेच प्रश्न येतात. उत्तरं एकाच उदाहरणाभोवती दिली आहेत. उदाहरणातले आकडे शिकवण्यासाठी मी स्वतः रचलेले आहेत. ते कुठल्याही खऱ्या अभ्यासातले नाहीत, त्यामुळे कृपया थिसिसमध्ये उद्धृत करू नका. (एकाने केले होते.)

दोन्हींतला फरक थोडक्यात सांगाल?

कन्फाउंडिंग ही आपल्या तुलनेत शिरलेली भेसळ आहे. तिसऱ्याच एका गोष्टीचा परिणाम आपण ज्या गोष्टीचा अभ्यास करतोय तिच्या नावावर जमा होतो. ती भेसळ काढून टाकायची असते. इफेक्ट मॉडिफिकेशन ही भेसळ नाही, ती खरीच घडणारी गोष्ट आहे: एकाच सवयीचा परिणाम एका गटात जास्त आणि दुसऱ्या गटात कमी. ती काढायची नसते, सांगायची असते. दोन्ही ओळखायला आकडे थरांत वेगळे करून पाहावे लागतात, त्यामुळे पहिल्यांदा शिकताना दोन्ही सारखीच वाटतात.

उदाहरण कोणतं घेतलंय?

तोंडाच्या कॅन्सरचे २०० रुग्ण आणि २०० कंट्रोल. कंट्रोल त्याच रुग्णालयाच्या डोळ्यांच्या ओपीडीतले. अस्थिरोग वॉर्डातून का नाही घेतले, असं एक जण नेहमी विचारतो. तिथे दारू पिऊन गाडीवरून पडलेले बरेच असतात. मग कंट्रोलमध्येच दारूचं प्रमाण फुगतं आणि पुढचं सगळं गणित वाकडं जातं.

प्रत्येकाला तीन गोष्टी विचारल्या: ठेल्यावरचा चहा दिवसाला तीन कपांपेक्षा जास्त पिता का, खर्रा खाता का, दारू पिता का. खर्रा म्हणजे काय हे विदर्भात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारी पुडी. यातली नुसती सुपारीसुद्धा आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे.

चहाने तोंडाचा कॅन्सर होतो, असं या आकड्यांतून दिसतं का?

वरवर पाहिलं तर दिसतं. रुग्णांपैकी १२२ जण जास्त चहा पिणारे आणि ७८ नाहीत. कंट्रोलमध्ये ८४ पिणारे आणि ११६ नाहीत. ऑड्स रेशो (१२२ × ११६) ÷ (७८ × ८४) = २.१६. म्हणजे चहावाल्यांत कॅन्सरची ऑड्स दुपटीहून जास्त. शंका अगदीच निराधारही वाटत नाही, कारण ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना आयएआरसीने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आहे. पण ते अन्ननलिकेच्या कॅन्सरबद्दल आहे, तोंडाच्या नाही.

आता नागपुरातल्या कुठल्याही चौकात उभं राहून बघा. चहाचा ठेला आणि पानठेला शेजारीशेजारी असतात. चहा पिणारा माणूस खर्र्याजवळच उभा असतो. म्हणून खर्रा खाणारे आणि न खाणारे वेगळे करू.

| | रुग्ण: चहा जास्त | रुग्ण: चहा कमी | कंट्रोल: चहा जास्त | कंट्रोल: चहा कमी | ऑड्स रेशो |
|---|---|---|---|---|---|
| खर्रा खाणारे | १०८ | ४२ | ४२ | १८ | १.१० |
| न खाणारे | १४ | ३६ | ४२ | ९८ | ०.९१ |

दोन्ही थरांत चहाचा परिणाम जवळपास शून्य. थर एकमेकांसारखे आहेत आणि दोन्ही मिळून वरच्या २.१६ पेक्षा फार वेगळे आहेत. ही कन्फाउंडिंगची खूण. आधी थर एकमेकांशी ताडायचे आणि नंतरच एकत्र आकड्याशी, हा क्रम लक्षात ठेवा. तो उलटा केला की काय होतं ते दारूच्या प्रश्नात येईल.

मग चहाचा एकच आकडा कसा द्यायचा? सरासरी काढायची?

साधी सरासरी नाही, कारण दोन थरांत सारखी माहिती नसते. इथे मॅन्टेल आणि हेन्झेल यांची १९५९ मधली पद्धत वापरतात. प्रत्येक थराच्या तक्त्यात a म्हणजे चहा पिणारे रुग्ण, b म्हणजे चहा पिणारे कंट्रोल, c म्हणजे न पिणारे रुग्ण, d म्हणजे न पिणारे कंट्रोल आणि N म्हणजे त्या थरातली एकूण माणसं. मग:

```
OR_MH = Σ(a·d/N) / Σ(b·c/N)
```

खर्र्याच्या थरात N = २१०. १०८ × १८ ÷ २१० = ९.२६ आणि ४२ × ४२ ÷ २१० = ८.४०. न खाणाऱ्यांत N = १९०. १४ × ९८ ÷ १९० = ७.२२ आणि ४२ × ३६ ÷ १९० = ७.९६. वरच्यांची बेरीज १६.४८, खालच्यांची १६.३६, भागाकार १.०१. एवढंच. कागदावर पाच मिनिटांत होतं, आणि एकदा तरी हाताने करावंच.

थराच्या ऑड्स रेशोला bc/N एवढं वजन मिळतं. ज्या थरात दोन्ही बाजूंना पुरेशी माणसं आहेत, त्याचा आवाज मोठा. एखादा खाना शून्य असला तरी सूत्र अडत नाही. लॉगॅरिदम घेऊन वजनं काढणाऱ्या जुन्या वूल्फच्या पद्धतीची मात्र तिथे पंचाईत होते.

खर्रा कन्फाउंडर आहे हे p-मूल्यावरून ठरवायचं का?

नाही. दोन गोष्टी बघायच्या. कंट्रोलमध्ये खर्रा आणि चहा यांची जोडी आहे का? आहे: खर्रा खाणाऱ्या ६० कंट्रोलपैकी ४२ जण जास्त चहा पितात, म्हणजे ७० टक्के. न खाणाऱ्या १४० पैकी तेवढेच ४२, म्हणजे ३० टक्के. दुसरी गोष्ट, चहा कमी पिणाऱ्यांतही खर्रा आजाराकडे नेतो का? त्यांच्यात खर्र्याचा ऑड्स रेशो ६.३५ येतो. दोन्ही पाय भक्कम आहेत. आणि खर्रा चहामुळे सुरू होऊन आजारापर्यंत नेणारा टप्पा नाही, हे तिसरं. पण ते आकड्यांतून कळत नाही, विषयाच्या जाणकारीतून कळतं.

इथे एक शेपूट राहतं. ‘खर्रा हो किंवा नाही’ ही फार ढोबळ विभागणी आहे. दिवसाला एक पुडी खाणारा आणि दहा खाणारा एकाच थरात बसतात, आणि जास्त पुड्यावालाच जास्त वेळा ठेल्यावर जाऊन चहा पितो. त्या थरात १.१० उरलं असेल तर त्यातलं काही हेच उरलेलं कन्फाउंडिंग असू शकतं. पुड्यांप्रमाणे चार थर पाडले तर ते अजून निवळेल.

इफेक्ट मॉडिफिकेशन असलं की थर कसे दिसतात?

आता प्रश्न बदलू. खर्रा आणि तोंडाचा कॅन्सर, थर दारूचे. तीच ४०० माणसं. एकत्र आकडा: रुग्णांत खर्रा खाणारे १५०, न खाणारे ५०. कंट्रोलमध्ये ६० आणि १४०. ऑड्स रेशो ७.००.

| | रुग्ण: खर्रा आहे | रुग्ण: खर्रा नाही | कंट्रोल: खर्रा आहे | कंट्रोल: खर्रा नाही | ऑड्स रेशो |
|---|---|---|---|---|---|
| दारू पिणारे | ९६ | १४ | २४ | ३६ | १०.२९ |
| न पिणारे | ५४ | ३६ | ३६ | १०४ | ४.३३ |

इथे थर एकमेकांसारखे नाहीत. न पिणाऱ्यांत खर्रा चौपट, पिणाऱ्यांत दहापट. तंबाखू आणि दारू यांची युती तोंडाच्या बाबतीत जुनी आणि नीट तपासलेली आहे, त्यामुळे हा फरक अनपेक्षित नाही.

मॅन्टेल-हेन्झेल इथेही मुकाट्याने उत्तर देतं: (२०.३३ + २४.४२) ÷ (१.९८ + ५.६३) = ५.८८. हा आकडा कोणाचा? दारू पिणाऱ्याचा नाही, न पिणाऱ्याचाही नाही. ज्या दिवशी पेशंट समोर बसतो, त्या दिवशी तो दोन्हींपैकी एक असतो.

७.०० वरून ५.८८ वर आलो, म्हणजे १६ टक्के घट. १० टक्क्यांच्या नियमाने दारू कन्फाउंडरही ठरली ना?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि परीक्षेत सर्वांत जास्त चुकणारा. एकत्र आकडा आणि समायोजित आकडा यांत १० टक्क्यांहून जास्त फरक पडला की कन्फाउंडिंग, हा नियम थर सारखे असतानाच चालतो. थर वेगळे असतील, तर मॅन्टेल-हेन्झेलचा आकडा कुठे पडेल ते वजनांवर ठरतं. न पिणाऱ्यांच्या थराला वजन ५.६३ आणि पिणाऱ्यांच्या थराला १.९८, त्यामुळे आकडा ४.३३ कडे ओढला गेला. ही घट वजनांच्या ओढीची आहे, भेसळीची नाही.

भेसळ खरंच होती का, ते दुसऱ्या वाटेने तपासता येतं. खर्रा न खाणाऱ्यांकडे बघा. त्यांच्यात दारू पिणाऱ्यांची रुग्ण-कंट्रोल ऑड्स १४/३६ = ०.३९, न पिणाऱ्यांची ३६/१०४ = ०.३५. जवळपास सारखी. म्हणजे खर्रा नसताना दारू एकटी इथे फारसं काही करत नाही. मग ती खर्र्याच्या नावावर उधारी कशी चढवेल?

आता विचारा: खर्रा खाणाऱ्यांनी खर्रा खाल्लाच नसता, तर त्यांच्यात किती रुग्ण दिसले असते? पिणाऱ्यांच्या थरात २४ × १४/३६ = ९.३३, न पिणाऱ्यांच्या थरात ३६ × ३६/१०४ = १२.४६, मिळून २१.७९. प्रत्यक्षात दिसले १५०. भागाकार ६.८८. खर्रा खाणाऱ्यांच्याच दारूच्या प्रमाणावर बेतलेला हा प्रमाणित ऑड्स रेशो एकत्र आकड्याच्या, ७.०० च्या, अगदी शेजारी आहे. म्हणजे कन्फाउंडिंग नगण्य, इफेक्ट मॉडिफिकेशन मात्र ठळक. १० टक्क्यांचा नियम डोळे मिटून लावणारा विद्यार्थी इथे उलट निष्कर्ष काढतो, आणि वर ५.८८ हा ‘शुद्ध’ आकडा म्हणून छापतो.

पण समानतेच्या चाचणीत p = ०.०७ आलं. मग थर सारखेच मानायचे?

दारूच्या उदाहरणात वूल्फची चाचणी केली तर काय-वर्ग सुमारे ३.२ आणि p ०.०७ च्या आसपास येतं. चहाच्या उदाहरणात p ०.७०. सॉफ्टवेअरमध्ये ब्रेस्लो-डे चाचणी असते, हेतू तोच.

या चाचण्यांची ताकद कमी असते. मुख्य परिणाम पकडायला जेवढी माणसं पुरतात, तेवढ्यांत थरांमधला फरक पकडणं फार अवघड जातं. पिणाऱ्यांच्या १०.२९ भोवतीचा ९५ टक्के विश्वासांतर ४.८ ते २२.०, न पिणाऱ्यांच्या ४.३३ भोवतीचा २.५ ते ७.६. अंतरं एकमेकांवर चढतात, त्यामुळे फरक सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. पण ०.०५ पार केलं नाही म्हणून ४ आणि १० सारखेच, असंही म्हणणार नाही. जीवशास्त्र आधीपासून हेच सांगतंय आणि दारूचा थर अभ्यासाआधीच ठरवलेला होता. मी दोन्ही थर वेगळे छापेन. उलट, वीस घटकांचे थर पाडून एकात p = ०.०३ मिळालं, तर मात्र मी हात आखडता घेईन.

आर मध्ये mantelhaen.test चालवलं तर ते समानता तपासतं ना?

नाही, आणि हा गैरसमज मी व्हायव्हात दरवर्षी ऐकतो.

```r
x <- array(c(108,42,42,18, 14,36,42,98),
           dim = c(2,2,2))
mantelhaen.test(x)
DescTools::BreslowDayTest(x)
```

तिसऱ्या ओळीतलं p ‘सामाईक ऑड्स रेशो १ आहे का’ याचं उत्तर देतं. थर सारखे आहेत हे ती चाचणी गृहीत धरते, तपासत नाही. समानतेची तपासणी चौथ्या ओळीत. दारूच्या आकड्यांवर तिसरी ओळ चालवली तर p नगण्य येतं, आणि घाईत वाचणारा म्हणतो की ‘थरांत लक्षणीय फरक आढळला’. फरक आढळला तो खर्रा आणि न-खर्रा यांच्यात. आकडे भरताना क्रमही सांभाळा: आधी रुग्णांचा स्तंभ, मग कंट्रोलचा.

ऑड्स रेशो सारखे निघाले म्हणजे इफेक्ट मॉडिफिकेशन नाहीच?

कुठल्या मापाने बघताय त्यावर आहे. समजा हजारात आजारी पडणारे असे: दोन्ही सवयी नाहीत तर १, फक्त खर्रा ४, फक्त दारू २, दोन्ही ८. गुणोत्तराने पाहिलं तर दोन्ही थरांत खर्रा चौपट, काही फरक नाही. वजाबाकीने पाहिलं तर न पिणाऱ्यांत खर्र्यामुळे हजारात ३ जादा, पिणाऱ्यांत ६ जादा. आकडे तेच, पण एका मापाने मॉडिफिकेशन नाही आणि दुसऱ्याने आहे. व्यसनमुक्तीची मोजकी शिबिरं आधी कोणासाठी घ्यायची, हा प्रश्न असेल तर वजाबाकीच कामाची. म्हणून निष्कर्षात माप लिहिल्याशिवाय ‘मॉडिफिकेशन आढळलं नाही’ हे वाक्य अर्धवट राहतं.

थर सारखे, पण एकत्र आकडा वेगळा. हे नेहमी कन्फाउंडिंगच?

जोखमींचं गुणोत्तर किंवा वजाबाकी असेल तर साधारण हो. ऑड्स रेशो असेल तर सांभाळून. समजा खर्रा सोडण्याचा सल्ला चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना दिला. कमी खाणाऱ्यांत सल्ला मिळालेले ८० टक्के सोडतात आणि न मिळालेले ५० टक्के, ऑड्स रेशो ४. जास्त खाणाऱ्यांत ५० आणि २० टक्के, पुन्हा ४. दोन्ही गट सारख्याच संख्येचे. एकत्र केलं की ६५ आणि ३५ टक्के, ऑड्स रेशो ३.४५. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यामुळे भेसळीला जागाच नाही, तरी आकडा हलला. हा ऑड्स रेशोचा अंगचा स्वभाव आहे. आजार दुर्मीळ असेल तर तो जाणवत नाही, निकाल सर्रास घडणारा असेल तर जाणवतो.

तोंड उघडण्याचं प्रमाण कमी झालेले रुग्ण वेगळा थर करून पाहावेत का?

खर्र्याचा पूर्ण परिणाम मोजायचा असेल तर करू नका. सुपारीने आधी सबम्युकस फायब्रोसिस होतो, तोंड आखडतं, आणि त्यातल्या काहींत पुढे कॅन्सर. हा वाटेतला टप्पा आहे. त्याचे थर पाडले की खर्र्याच्या परिणामाचा एक भाग आपल्याच हाताने पुसला जातो, आणि कमी झालेला आकडा बघून ‘कन्फाउंडिंग काढलं’ असं वाटतं.

थर फार पातळ झाले तर?

वय, लिंग आणि वस्ती यांचे मिळून पन्नास थर झाले आणि प्रत्येकात तीन-चार माणसं उरली, तरी मॅन्टेल-हेन्झेल बऱ्यापैकी तग धरतं. प्रत्येक थरात एक रुग्ण आणि एक कंट्रोल अशी जोडी असेल, तर सूत्र आपोआप विसंगत जोड्यांच्या भागाकारावर येतं: फक्त रुग्ण खर्रा खाणारा अशा जोड्या भागिले फक्त कंट्रोल खाणारा अशा जोड्या. पण थरांमधला फरक शोधायला पातळ थर निरुपयोगी. त्यासाठी मोजके, जाड थर हवेत.

थिसिसच्या तक्त्यात नेमकं काय छापायचं?

चहासाठी: एकत्र २.१६, खर्र्यासाठी समायोजित मॅन्टेल-हेन्झेल १.०१, खाली थरांचे दोन आकडे आणि समानतेचं p. दारूसाठी: १०.२९ आणि ४.३३ आपापल्या विश्वासांतरांसह, p ०.०७, कुठल्या मापाने पाहिलं ते, आणि हा थर आधी ठरवला होता की नंतर सुचला तेही. ५.८८ छापायचंच असेल तर तळटीपेत टाका. गाइडने ‘एकच आकडा द्या’ म्हटलं, तर त्यांना १०.२९ आणि ४.३३ शेजारीशेजारी ठेवून दाखवा. बहुतेक वेळा चहा संपायच्या आत ते मान्य करतात.